४०० नंबर मारला की झालं?

«कोऱ्या लाकडाला सरळ ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा. मधले नंबर दुकानदाराची कमाई. आकडा जितका मोठा, लाकूड तितकं सुंदर.»

चवथीच्या आठ दिवस आधी गणपतीच्या फणसाच्या पाटावर मी अगदी हेच करून बसलो होतो. रंध्याच्या खुणा ८० नंबरने काढल्या आणि थेट ४०० घेतला. हात फिरवला तर पाट लोण्यासारखा. पॉलिशचा पहिला हात बसला मात्र, आणि आडव्यातिडव्या ओरखड्यांची जाळी वर आली.

मधले नंबर फुकटचे नाहीत ते यासाठी. आकडा वाढतो तसा कण बारीक होतो. ८० चा कण साधारण ०.२ मिलिमीटर, ४०० चा त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. तो ८० ने पाडलेल्या चरांच्या फक्त कडा घासतो, तळापर्यंत पोचायला त्याला दिवस लागेल. म्हणून पुढचा नंबर मागच्याच्या साधारण दीडपट: ८०, १२०, १८०. लाकूड आधीच सपाट असेल तर १२० पासून सुरू करा, ८० ची गरजच नाही.

पाट मी पुन्हा घासला. १२० घ्यायच्या आधी पेन्सिलीने हलक्या वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. त्या पुसल्या गेल्या म्हणजे पेपर सगळीकडे फिरला, एवढंच त्यातून कळतं. ओरखडे गेले का ते पाहायला बॅटरी पाटाला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला. ८० चे चर दिसेनासे झाले, तेव्हाच धूळ झाडून १८० घेतला. प्रत्येक पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने. ठोकळ्यावर गुंडाळून, नुसत्या बोटांनी नव्हे. बोटांनी मऊ भाग खोलगट होतो.

आता मोठा आकडा म्हणजे सुंदर, याबद्दल. रंग चढवायचा असेल तर ४०० पर्यंत घासलेलं लाकूड रंग कमी धरतं आणि फिकट दिसतं. वार्निशखाली १८० पुरतो. छेदाची बाजू, म्हणजे पाटाची टोकं, जास्त रंग पिते. तिथे मात्र एक नंबर पुढे, २२० पर्यंत जावं. पाण्याचा रंग असेल तर १८० नंतर ओला फडका फिरवायचा, उठलेले तंतू वाळू द्यायचे आणि १८० नेच अलगद काढायचे. आपल्या पावसात ते वाळायला वेळ लागतो, घाई करू नका.

शिवाय ४०० म्हणजे कुठला ४००? कागदामागे आकड्याआधी ‘पी’ असेल तर माप युरोपीय. अमेरिकी मापाचा ४०० त्याहून बराच बारीक, पी-६०० च्याही किंचित पुढचा. १८० पर्यंत दोन्ही मापं जवळजवळ सारखी, त्यामुळे कोऱ्या लाकडाच्या कामात हा घोळ फारसा नडत नाही.

पाटावर ४०० मी शेवटी वापरलाच, वार्निशच्या दोन हातांमध्ये. पहिला हात पुरता वाळल्यावर, दोनच फेऱ्या.