समुद्राचं पाणी धूमकेतूंचं? ‘सिद्ध झालंय’ म्हणण्याआधी

“तुम्हाला माहीत आहे का? समुद्राचं पाणी धूमकेतूंच्या बर्फातून आलं, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. धूमकेतूतलं पाणी तपासलं तर ते समुद्राच्या पाण्याशी तंतोतंत जुळलं. लघुग्रह म्हणजे नुसते कोरडे दगड, त्यांच्यात पाणी कुठलं?”

हा मजकूर सध्या कोल्हापुरातल्या कितीतरी ग्रुपवर फिरतोय, आणि विज्ञान शिकवणारी मंडळीही तो पुढं ढकलतायत. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘तपासलं’ म्हणजे काय तपासलं ते बघू. हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्यूटेरियम. त्याच्या अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन जास्त असतो. समुद्राच्या पाण्यात दहा लाख साध्या हायड्रोजन अणूंमागे सुमारे १५६ ड्यूटेरियमचे अणू सापडतात. हा आकडा पाण्याच्या जन्मस्थानाची खूण सांगतो. सूर्य ज्या वायूपासून बनला त्यात तो फक्त २०च्या आसपास होता. अतिथंड जागी, उणे अडीचशे अंशांच्या आसपास, पाणी तयार होताना ड्यूटेरियम त्यात जास्त अडकतो. तेच पाणी सूर्याजवळच्या उबदार वायूत फिरलं की हायड्रोजनशी अदलाबदल होऊन आकडा उतरतो. थोडक्यात, जितक्या दूरच्या थंडीतलं पाणी, तितका आकडा साधारणपणे मोठा.

इथं एक शंका रास्त आहे: पृथ्वीवर आल्यावर पाण्याचा हा आकडा बदलत नाही का? बदलतो, आणि आपल्याच जिल्ह्यात बदलतो. अरबी समुद्रावरून वाफ उठते तेव्हा जड रेणू थोडे मागं राहतात. ढग घाट चढून गगनबावड्याला कोसळतात तेव्हा जड रेणू आधी खाली येतात, त्यामुळे पुढं पूर्वेकडं सरकणारी वाफ आणखी हलकी होते. उलट, उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी वाफ होऊन आटतं तेव्हा मागं उरलेलं पाणी किंचित जड होतं. पण या सगळ्या घडामोडींत आकडा काही टक्केच हलतो. धूमकेतूंच्या बाबतीत प्रश्न दुप्पट-तिपटीचा आहे.

आता ‘तंतोतंत जुळलं’ याबद्दल. १९८६ साली जिओट्टो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं, तेव्हा आकडा निघाला सुमारे ३१०, म्हणजे समुद्राच्या दुप्पट. नव्वदच्या दशकात हयाकुताके आणि हेल-बॉप या धूमकेतूंनीही साधारण तेच दाखवलं. २०१४ मध्ये रोझेटा यान ६७पी या धूमकेतूपाशी पोचलं आणि आकडा आला ५३०, तिपटीहून जास्त. मग जुळलं कुठं? २०११ मध्ये, हार्टली-२ या धूमकेतूत. हर्शेल अवकाश दुर्बिणीनं तिथं १६१ मोजला. फॉरवर्डचा उगम बहुधा हाच.

ते मोजमाप कसं झालं हे जवळून बघण्यासारखं आहे. साध्या पाण्याचा संकेत इतका दाट होता की तो सरळ मोजून चालत नव्हतं. म्हणून जड ऑक्सिजन असलेलं विरळ पाणी मोजलं आणि अशा एका रेणूमागे साध्या पाण्याचे सुमारे ५०० रेणू असतात असं धरून हिशोब केला. निकाल १६१, त्यात चूक २४ इकडं किंवा तिकडं. पद्धत चोख आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण १३७ ते १८५ या पट्ट्यात बसणाऱ्या आकड्याला ‘तंतोतंत’ म्हणता येत नाही. शिवाय तो एका धूमकेतूचा आकडा होता, सगळ्यांचा नव्हे. पुढं विर्टानेन या धूमकेतूतही समुद्राच्या जवळचा आकडा मिळाला, तिथं तर चुकीचा पट्टा आणखी रुंद होता.

६७पीची गोष्टही ५३०वर थांबली नाही. २०२४ मध्ये रोझेटाची हजारो मोजमापं पुन्हा तपासली गेली. जड पाणी धुळीच्या कणांना जास्त चिकटून राहतं आणि ते कण यानाजवळ तापले की आकडा फुगतो, असं त्यातून दिसलं. गाभ्यापासून लांब, धुळीचा परिणाम ओसरल्यावरची मोजमापं घेतली तर आकडा सुमारे २६० भरतो. तरीही समुद्राच्या दीडपटीहून जास्तच.

लघुग्रह कोरडे असतात हे विधान तर साफ चूक आहे. कार्बनयुक्त उल्कापाषाण लघुग्रहांचेच तुकडे असतात आणि त्यांतल्या काहींत वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत पाणी असतं. हाताला ओलं लागत नाही, कारण ते चिकणमातीसारख्या खनिजांच्या रचनेत बांधलेलं असतं. प्रयोगशाळेत पाषाण तापवला की ते बाहेर पडतं. जपानच्या हायाबुसा-२ यानानं र्‍युगू लघुग्रहावरून २०२० मध्ये आणलेल्या नमुन्यांत अशीच खनिजं आहेत. आणि सगळे समुद्र मिळून पृथ्वीच्या वजनाच्या ०.०२३ टक्केच भरतात, त्यामुळे अशा दगडांचा थोडासा वाटाही पुरतो. या पाषाणांतल्या पाण्याचा आकडा नमुन्यागणिक कमी-जास्त होतो, पण सरासरी १४०च्या आसपास येतो.

आता हिशोब मांडून बघू. समजा समुद्र दोनच पाण्यांचं मिश्रण आहे: १४०चं दगडांतलं आणि ५३०चं धूमकेतूचं. शंभरातले ९६ भाग पहिलं आणि ४ भाग दुसरं घेतलं की सरासरी सुमारे १५६ येते. धूमकेतूचा आकडा २६० धरला तर ८७ आणि १३ भाग लागतात. म्हणजे ६७पीसारखे धूमकेतू समुद्रात फार तर थोडे भागीदार ठरतात.

पण धूमकेतू हार्टली-२सारखे, १६१चे धरले तर? मग तब्बल ७६ भाग धूमकेतूचे निघतात. आणि दगडांचा आकडा १४०ऐवजी १५० घेतला की तेच ७६ घसरून ५५ होतात. दोन्ही पाण्यांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले की हे हत्यार बोथट होतं. आकडा जुळणं आणि उगम सिद्ध होणं यांत इतकं अंतर आहे, आणि फॉरवर्ड नेमकं तेच गाळतो. (२०२० मध्ये तर ज्यांना कोरडे मानलं जायचं त्या एन्स्टॅटाइट पाषाणांतही चांगला हायड्रोजन सापडला. म्हणजे पृथ्वी ज्या मालापासून घडली त्यातच बरंच पाणी होतं, ही तिसरी शक्यताही जिवंत आहे.)

अशा वेळी दुसरी मूलद्रव्यं साक्षीला बोलवावी लागतात. आपल्या हवेत जड नायट्रोजनच्या एका अणूमागे साधे २७२ अणू आहेत. धूमकेतूंत ते साधारण १४० असतात, म्हणजे जड नायट्रोजनचं प्रमाण जवळपास दुप्पट. कार्बनयुक्त पाषाण मात्र हवेच्या जवळ बसतात. दुसरा साक्षीदार झेनॉन. रोझेटानं ६७पीतला झेनॉन मोजला आणि २०१७ मध्ये हिशोब प्रसिद्ध झाला: पृथ्वीच्या हवेतल्या झेनॉनपैकी सुमारे २२ टक्के धूमकेतूंकडून आलेला दिसतो. म्हणजे धूमकेतू पृथ्वीवर आले होते, हे खरंच. पण पाण्याच्या मानानं त्यांच्यात झेनॉन दगडांपेक्षा इतका जास्त आहे की तेवढा झेनॉन आणणाऱ्या धूमकेतूंबरोबर आलेलं पाणी समुद्राच्या अगदी लहान हिश्श्याइतकंच भरतं.