एका शब्दासाठी एवढं भिंग लावून बघायचं कशाला?

“एक स्पेलिंग दुरुस्त करायला फॉन्टचं पोस्टमॉर्टेम कशाला? एरियल टाकायचं, रुंदी बरोबर बसते, म्हणजे तोच फॉन्ट. सोलापुरात टॉवेलचं लेबल वाचताना कोण बघतंय?”

दादा, तुम्ही म्हणता तशी रुंदी बरोबर बसते हे खरंय, पण त्यावरून काहीच ठरत नाही. एरियलमधल्या अक्षरांच्या रुंदी मुद्दाम हेल्व्हेटिका या दुसऱ्या फॉन्टशी जुळवून ठेवल्या आहेत, म्हणून हेल्व्हेटिकाच्या जागी एरियल टाकला तरी ओळ तेवढीच भरते आणि आपण फसतो.

आता त्या लेबलचंच घ्या, "100% Coton Bath Towels". त्यातल्या "Coton" चं "Cotton" करायचं होतं. पार्टीकडे कोरलची फाइल नव्हती, होता फक्त बारका जेपीजी. त्यात मी आधी "t" बघितला. हेल्व्हेटिकाच्या "t" चं डोकं सपाट कापलेलं असतं, एरियलचं तिरकं. मग "1": एरियलचा वरचा शेंडा सरळ तिरका उतरतो, हेल्व्हेटिकाचा दांड्याला मिळताना वळण घेतो. "C", "e", "s" ची टोकं बघा, हेल्व्हेटिकात आडवी कापलेली, एरियलमध्ये कलती. आणि "Bath" मधला "a", हेल्व्हेटिका रेग्युलरमध्ये त्याला खाली उजवीकडे छोटी शेपटी असते, एरियलमध्ये नसते. इथे शेपटी होती, "t" चं डोकंही सपाट होतं. म्हणजे "Cotton" एरियलमध्ये टाकलं असतं तर एकाच ओळीत, शेजारच्या शब्दात, दोन जातीचे "t" छापले गेले असते, आणि लेबल हातात धरणाऱ्याला नाव सांगता आलं नाही तरी काहीतरी चिकटवलंय हे जाणवतंच.

एक गोष्ट मात्र आधी करायची, स्कॅन सरळ करायचा. कागद जरा कलला असेल तर सपाट कापही तिरका दिसतो आणि हेल्व्हेटिका एरियल वाटायला लागतो, म्हणून अक्षरांच्या खालच्या रेषेला गाईड लावून बघा. आणि धुरकट क्रॉपची तुलना स्क्रीनवरच्या चकचकीत अक्षराशी करू नका, दोन्ही फॉन्टमध्ये तोच शब्द टाइप करा, क्रॉपमध्ये अक्षराची उंची जेवढ्या पिक्सेलची आहे तेवढ्याच उंचीचा जेपीजी काढा, मग तिन्ही एकत्र मोठे करा. धुरकट शेजारी धुरकट ठेवलं की कुठला काप कसा पसरतो ते लगेच कळतं.

चित्र जेपीजीच राहणार असेल तर त्यातलाच "t" कॉपी करून सरकवला तरी चालतं, मी स्वतः तसंच करतो. पण हे छपाईच्या प्लेटला जाणार होतं, तिथे स्वच्छ कर्व्ह लागतात.

बारक्या क्रॉपवरून हेल्व्हेटिका, त्याची नंतरची नोए आवृत्ती आणि निंबस सॅन्स यातलं नेमकं कोणतं हे सांगता येत नाही, एका शब्दापुरतं कुठलंही चालून जातं. आणि क्रॉपमध्ये नुसतं "HOTEL" असतं तर एरियल आणि हेल्व्हेटिकात निवडच करता आली नसती, तेव्हा पार्टीकडून लेबलचा दुसरा कोपरा मागवायचा, "R" किंवा "G" असलेला.