वाढदिवसाचे आभार मानायला पुढाऱ्याचं पत्र कशाला?

काल गल्लीतल्या एका तरुणाचा वाढदिवस झाला. शाळेतल्या बाईंनी, ज्या निवृत्त होऊन आता शहापुरात असतात, त्याला सहा ओळींचा मेसेज लिहिला होता. चष्मा पुसत, एकेक अक्षर शोधत टाईप केलेला. चौथीत गॅदरिंगला तो नाटकातलं वाक्य विसरला, तरी रडत रडत स्टेजवर उभा राहिला, ही आठवण त्यात होती. आज सकाळी बाईंना उत्तर आलं. वर 'फॉरवर्डेड' अशी खूण, आणि खाली, 'माझ्या वाढदिवसानिमित्त प्रत्यक्ष भेटून, दूरध्वनीद्वारे तसेच सोशल मीडियाच्या माध्यमातून शुभेच्छा देणाऱ्या माझ्या सर्व हितचिंतक, कार्यकर्ते व मित्रपरिवाराचे मी *मनःपूर्वक* आभार मानते.'

मानते! पोरगा तीस वर्षांचा बाप्या आणि 'मानते'! कुणा ताईंच्या वाढदिवसाचा मजकूर उचलला आणि क्रियापद बदलण्याएवढीही तसदी घेतली नाही. कार्यकर्ते कुठले ह्याचे? कुठल्या वॉर्डातून उभा राहिलाय? सहा ओळींच्या बदल्यात बाईंना काय मिळालं, तर दुसऱ्याच बाईचं भाषण. त्यांनी हा मेसेज मुलीला दाखवला आणि एवढंच विचारलं, "हे त्यानंच लिहिलंय काय गं?"

हा मजकूर मुळात पुढाऱ्यासाठी जुळवलेला आहे, हेच लोकांना दिसत नाही. पुढाऱ्याला शुभेच्छा कुणी दिल्या ते माहीत नसतं. फ्लेक्स कुणी लावला, हार कुणी घातला, फोन कुणी उचलला, काही ठाऊक नाही. म्हणून 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष' लिहायचं, 'अनावधानाने कुणाचे आभार मानायचे राहिल्यास क्षमस्व' लिहायचं, म्हणजे कुणी नाराज नको. तुम्हाला मात्र कुणी काय लिहिलंय ते नावानिशी माहीत असतं. फोनमध्ये सगळं समोर असतं. मग हितचिंतक कशाला? मावशीला मावशी म्हणा की!

आणि चोरी लगेच कळते हो. क्रियापदाचं सांगितलंच. दुसरी खूण म्हणजे त्या चांदण्या. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी दिली की तो ठळक दिसतो, पण तोच मजकूर उचलून इन्स्टाग्रामवर टाकला की चांदण्या जशाच्या तशा उघड्या पडतात. तिसरी खूण 'ऋणात राहू इच्छितो'. बोलताना ज्याच्या तोंडून 'थँक्यू रे' याच्यापुढं शब्द येत नाही, तो एका रात्रीत ऋणात कसा काय गेला? फॉरवर्डची खूण घालवायला काही हुशार मजकूर कॉपी करून चिकटवतात. खूण जाते, भाषण तेच राहतं.

ब्रॉडकास्ट लिस्टवाल्यांचं तर वेगळंच. एकदा लिहिलं, सगळ्यांना गेलं, सुटलो! नाही गेलं. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. नवीन फोन घेतलेल्या काकू आणि दुसऱ्याच्या फोनवरून शुभेच्छा देणारे आजोबा, नेमके तेच कोरडे राहतात.

सगळ्यांसाठी एकच कॅप्शन टाकायची तर ती लिहायची कशी, ते सांगते. रात्री झोपायच्या आधी आलेले मेसेज एकदा खाली-वर करून बघा. त्यातल्या दोन-तीन गोष्टी अशा निवडा की ज्या फक्त ह्याच वर्षी, फक्त तुमच्याच बाबतीत घडल्या. कुणी जुना फोटो पाठवला, कुणी चुकीच्या तारखेला शुभेच्छा दिल्या आणि परत दिल्या, असलं काहीतरी. ते लिहा, पण नावं घालू नका. ऐंशी जणांतल्या तिघांची नावं घेतली की उरलेले सत्याहत्तर रुसतात, आणि आपल्याकडं ते रुसणं पुढच्या लग्नापर्यंत टिकतं. गोष्ट सांगा, माणूस सांगू नका. ज्यानं केलं त्याला कळतं, आणि बाकीच्यांना मजकूर खरा वाटतो.

खानापूरकडचा कुणी बेळगावात राहतो असं धरा. त्यानं असं लिहावं:

'काल पहिला फोन सहाला खानापुरातनं आला, मी अजून झोपेतच होतो. मग दिवसभर कुणी शाळेतला फोटो शोधून पाठवला, कुणी पावसात कुंदा घेऊन दारात आलं, आणि शेजारच्या अण्णांनी कानडीत म्हणून पाठवलेलं गाणं घरात सगळ्यांनी परत परत ऐकलं. एकेकाला उत्तर देतोय, थोडा वेळ लागंल. खूप बरं वाटलं, थँक्यू.'

बघा, ह्यात 'मनःपूर्वक' नाही, 'प्रेम असंच राहू द्या' नाही. पहिल्याच वाक्यात वेळ आणि गाव आहे. हे महत्त्वाचं, कारण इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. त्या ओळी 'सर्वांना सप्रेम नमस्कार' म्हणण्यात घालवल्या की पुढं कोण उघडतंय? मधे घडलेल्या गोष्टी आहेत, त्या दुसऱ्या कुणाला उचलून वापरता येत नाहीत. 'लागंल' तसंच ठेवलंय, कारण तो बोलतो तसं. बोलताना 'लागंल' म्हणणाऱ्यानं लिहिताना 'विलंब होईल' म्हटलं की तिथंच सगळं खोटं वाटायला लागतं. आणि कुंदा कुणी आणला नसेल तर कुंदा लिहू नका! पावसाचं पण तसंच.

नुसते केकचे आणि फुग्यांचे स्टिकरच आले, सांगण्यासारखं काहीच नाही, असंही होतं. मग दोन ओळी लिहून थांबा. 'काल दिवसभर फोन वाजत होता. बरं वाटलं, थँक्यू.' बास. माल नसताना आठ ओळी करायला गेलं की आपोआप हितचिंतक येतात.

आणि हे स्टेटसवर गाणं लावून, तोंडाला केक फासलेल्या फोटोंचा कोलाज टाकून आभार मानणारे! चोवीस तासांत स्टेटस जातं. आजी फोन दोन दिवसांनी उघडते, तिला काय दिसणार? केक फासायची ती पद्धत तर एकदा बंदच करा, खायची वस्तू आहे ती. रात्री बाराला दार वाजवून अख्खी गल्ली उठवायची, चौकात फटाके लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी 'आपल्या आशीर्वादाने' म्हणायचं. आशीर्वाद देणारे म्हातारे रात्रभर जागेच होते, त्यांना विचारा.

कॅप्शन सगळ्यांसाठी असते, हे खरं. पण ज्यांनी लांब लिहिलं, जे घरी आले, जे वयानं मोठे आहेत, त्यांचे आभार कॅप्शनमध्ये उरकता येत नाहीत. त्यांना फोन. दोन मिनिटांचा. आणि त्यांनी जे लिहिलं त्यातलं काहीतरी त्यांना परत बोलून दाखवायचं, म्हणजे वाचलंय हे कळतं. कानडी शेजाऱ्यांनी 'हुट्टुहब्बद शुभाशयगळु' लिहिलं असेल तर त्यांना आपलं मराठी भाषण ढकलू नका. 'तुंबा धन्यवादगळु, अण्णा' एवढं लिहिता येतं की सगळ्यांना, भाजी घेताना रोज कानडी बोलतोच की आपण. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे सगळं उरका. चार दिवसांनी आभार टाकले की लोक परत शुभेच्छा द्यायला लागतात, त्यांना वाटतं वाढदिवस आज आहे.