मुक्काम पोस्ट ठाणे

मराठी माणसाचे पत्र मायन्यापाशीच अडते. पत्र ज्यांना जायचे आहे त्या व्यक्तीचे वय, नाते आणि मान ठाऊक असेल, तर तीर्थरूप, चिरंजीव, स. न. वि. वि. यांपैकी एक शाळेतल्या सवयीने हाताखालून आपोआप उमटते. माझी अडचण अशी की पत्र जायचे होते फिनलंडमधील टांपेरे या शहरी, एका निवृत्त ग्रंथपाल बाईंना, आणि त्यांच्याविषयी मला एवढीच माहिती होती की त्या हौसेने परदेशी पत्रमैत्री करतात. पत्र इंग्रजीत लिहायचे असल्यामुळे 'डिअर' या एका शब्दात सर्व नाती उरकली आणि त्याखाली 'आमच्या घरातील सर्वांचा नमस्कार' हे वाक्य घातले. ते मी मोठ्याने वाचून दाखवले आणि तिथेच फसलो, कारण ज्यांचा नमस्कार पत्रात गेला त्या सर्वांना पत्रातील मजकुराविषयी मत देण्याचा अधिकार आपोआप मिळाला.

पहिल्या पत्रात स्वतःची ओळख आणि रोजच्या जगण्यातील चार गोष्टी लिहाव्यात, असा पत्रमित्रांचा जुना रिवाज आहे. वाचायला हे सोपे वाटते. पहिल्या कागदावर मी कचेरीत काय काम करतो, आमच्या नौपाड्यातील घरी सकाळी पाणी किती वाजता येते, ते भरण्याची पाळी कोणाची असते, दुपारच्या डब्यात काय असते, हे सविस्तर लिहिले. आईने त्यावर ताबडतोब हरकत घेतली. "पाण्याचं कशाला लिहितोस? आपल्याकडे पाणी नाही असं वाटेल त्यांना. त्यापेक्षा तलावांचं लिही," असे तिचे म्हणणे होते. सूचना मला पटली आणि दुसऱ्या कागदाची सुरुवात मी अभिमानाने केली: आमच्या ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, मासुंदा तलावाला आम्ही तलावपाळी म्हणतो आणि संध्याकाळी तिथे नौकाविहार करता येतो, शहरात असे तीस-पस्तीस तलाव आहेत.

चिरंजीवांनी हा मजकूर खांद्यावरून वाचला आणि काही न बोलता शाळेचा नकाशासंग्रह आणून समोर उघडला. टांपेरे हे शहर नॅसियार्वी आणि पुहायार्वी या दोन विस्तीर्ण सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या भूभागावर वसलेले आहे. त्या देशात पाचशे चौरस मीटरांहून मोठी तळी आणि सरोवरे मोजली, तर ती भरतात सुमारे १ लाख ८८ हजार. हिवाळ्यात ती गोठतात, लोक त्यांवरून चालत जातात आणि काही हौशी मंडळी बर्फाला भोक पाडून त्यात डुबकी मारतात. ज्या बाईंच्या गावाला दोन्ही बाजूंनी सरोवरे आहेत, त्यांना मी तलावपाळीचा नौकाविहार सांगत होतो. "थंडीचं लिहा मग," सौभाग्यवतींनी सुचवले आणि लगेच मागे घेतले. जानेवारीत तापमान सोळा-सतरा अंशांवर आले की आमच्या सोसायटीत माकडटोप्या निघतात, ही बातमी त्या देशात पाठवण्याजोगी नव्हती.

आपल्याला जे विशेष वाटते ते वाचणाऱ्याच्या दाराशी ढिगाने पडलेले असू शकते आणि जे सांगायची आपल्याला लाज वाटते त्यासाठीच तो पत्र वाचत असतो, हे मला इथे उमगले; पण आईच्या समोर ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती. शिवाय तलावांत झालेला पराभव घरच्यांना झोंबला होता. म्हणून आगगाडी काढली. बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे ठाण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. चिरंजीवांनी पुन्हा शोधाशोध केली आणि फिनलंडमधील पहिली रेल्वे, हेलसिंकी ते हॅमेनलिना, १८६२ साली सुरू झाल्याचे जाहीर केले. नऊ वर्षे! आईने त्या आनंदात सर्वांना चहा दिला. "त्या गाडीत तुम्ही होतात का?" असे सौभाग्यवतींनी विचारले नसते, तर उरलेले पत्र १८५३ वरच संपले असते.

तेव्हा रोजच्या लोकलविषयी लिहायला घेतले आणि खरा कस तिथे लागला. गाडी ठाण्याहून सुटते, असे लिहिल्यावर कोणीही समंजस परदेशी व्यक्ती असे समजेल की ठाणेकरांना बसायला मिळत असणार. परंतु मुलुंड-भांडुपची मंडळी तीच गाडी ठाण्याकडे येत असतानाच पकडून, म्हणजे डाऊन करून, खिडक्या अडवून आलेली असतात. ती मुंबईला जाण्यासाठी आधी उलट दिशेने ठाण्याला येतात, हे फिनलंडमधील निवृत्त ग्रंथपालांना पटेल अशा रीतीने लिहायला मला अर्धा कागद लागला. त्यानंतर चौथी सीट. तिघांसाठी केलेल्या बाकावर चौथा येतो, तोंडाने काही बोलत नाही, फक्त हाताचा पंजा किंचित हलवतो. तिघे श्वास आत घेतात, कडेचा इंचभर सरकतो आणि चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत, एक पाय मधल्या वाटेत रोवून बसतो. ब्रेक लागला की तो पाय सगळा भार घेतो. या व्यवस्थेविषयी कुठे लेखी नियम नाही, तरी ती मोडणाऱ्याकडे सबंध डबा पाहतो. हे वर्णन तिसऱ्या कागदावर संपले आणि शेवटी, उत्तर लिहिणे सोपे जावे म्हणून, बाईंना एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे गाडीत अनोळखी माणसाच्या शेजारी बसावे लागते का?

पाकिटावर शेवटच्या ओळीत देशाचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहायचे असते, आणि फिनलंडच्या पत्त्यात पाच आकडी पोस्टकोड गावाच्या नावाच्या आधी येतो. त्यांचा पत्ता तीन ओळींत मावला. आमचा मात्र 'च्या मागे', 'च्या समोर' आणि 'जवळ' यांसह पाकिटाच्या मागच्या बाजूस मावला नाही.

पोस्टातील बाईंनी पाकीट काट्यावर ठेवले. हवाई टपालाचा पहिला टप्पा वीस ग्रॅमचा. छपाईचा नेहमीचा कागद पाच ग्रॅम भरतो, तीन कागदांचे पंधरा आणि जाड पाकिटाचे सहा, म्हणून काटा एकवीसवर गेला. "जास्तीचं तिकीट लावा नाहीतर एक कागद काढा," त्या म्हणाल्या. एका ग्रॅमसाठी पुढच्या टप्प्याचे पैसे भरणे माझ्या जिवावर आले. १८५३ विषयी घरात आधीच मतभेद होता, म्हणून मी मधला कागद काढून घेतला, खळ लावून पाकीट बंद केले, तिकिटे चिकटवली आणि त्यावर माझ्या डोळ्यांदेखत शिक्का पडला.

तो कागद घरी आणल्यावर आईने चष्मा लावून उरलेल्या पत्राचा मेळ लावला. पहिल्या कागदाचे शेवटचे वाक्य होते: 'आमच्या घरात आम्ही चौघे आहोत, मी, पत्नी, मुलगा आणि चौथी माझी वृद्ध आई.' तिसरा कागद सुरू होत होता तो असा: 'चौथ्या व्यक्तीच्या वाट्याला अर्धीच जागा येते, तिला एक पाय वाटेत रोवून बसावे लागते आणि याविषयी आजवर कोणी तक्रार केलेली नाही.'

"पुढच्या पत्रात लिही," आई म्हणाली, "की मला स्वतंत्र खाट आहे."