फिर्याद तारीखवार लावायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मोटारसायकल चोरीच्या फिर्यादीचं तुमचं इंग्रजी भाषांतर फारच यांत्रिक झालंय. आधी गाडी नसल्याचं कळतं, मग ती लावल्याचं येतं, मग पुन्हा रात्रीचं. वाचणाऱ्याला सरळ तारीखवार द्या ना! शिवाय फिर्याद जुलै 2024 ची आणि कलम भा.दं.सं. 379? तिथे नवं कलम टाकायला हवं होतं.’

नमस्कार. आधी कलमाचं सांगतो. मोटारसायकल गेली 28/06/2024 च्या रात्री आणि फिर्याद नोंदली गेली 03/07/2024 रोजी. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, आणि गुन्ह्याला तो घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. म्हणून चोरीचं कलम जुन्या भारतीय दंड संहितेचंच. नोंदवण्याची पद्धत मात्र नवी, त्यामुळे त्याच प्रतीच्या माथ्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे. मी 379 खोडून न्याय संहितेचं 303(2) लिहिलं असतं, तर ठाण्याचं मराठी पान आणि माझं इंग्रजी पान जुळलं नसतं आणि विम्याचा दावा तिथेच अडला असता.

आता क्रमाबद्दल. फिर्यादी सांगतो ते असं: सकाळी सातच्या सुमारास खाली आलो, गाडी दिसली नाही; रात्री साडेदहाला लॉक करून लावली होती; आजूबाजूला शोध घेतला; नंतर शेजाऱ्याकडून कळलं की रात्री दोनला दोन अनोळखी इसम गाडीजवळ उभे होते. हे तारीखवार लावलं की दोन वाजताचे इसम सकाळच्या आधी येतात आणि ‘शेजाऱ्याकडून कळलं’ हे शब्द गळून पडतात. मग वाटतं, फिर्यादीनेच त्यांना पाहिलं. उलटतपासात साक्षीदाराला त्याच्या आधीच्या लेखी जबाबातली विसंगती दाखवतात. तिथे ऐकीव माहिती डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसली, तर फिर्यादीलाच त्रास. ‘आजपावेतो शोध घेतला, मिळून आली नाही, म्हणून आज रोजी फिर्याद देत आहे’ हे वाक्यही शेवटीच राहिलं पाहिजे, कारण पाच दिवसांच्या उशिराचं स्पष्टीकरण तेवढंच आहे.

फिर्यादीच्या प्रतीच्या फोटोत गाडीच्या क्रमांकातला एक आकडा गोल शिक्क्याखाली गेलाय. मालमत्तेच्या रकान्यात तो स्वच्छ दिसतो, तरी जबाबात मी [अस्पष्ट] असंच ठेवलं आणि खाली टीप दिली. वडिलांचं नाव रकान्यात ‘दीपक’ आणि जबाबात ‘दिपक’ आहे. मीही दोन ठिकाणी Deepak आणि Dipak ठेवलं. एकसारखं करण्याचा अधिकार माझा नाही. दुरुस्ती हवी असेल तर फिर्यादीने ठाण्यात अर्ज द्यावा.

तुमची अडचण खरी आहे, पहिल्या वाचनात गोंधळ होतोच. त्यासाठी घटनांचा तारीखवार तक्ता वेगळ्या कागदावर करून देतो. प्रत्येक नोंदीपुढे जबाबातली ओळ आणि माहिती कोणाकडून आली ते लिहीन. तो फक्त तुमच्या वाचनासाठी ठेवा, भाषांतराला टाचू नका.