लाळ्या खुरकूतच्या लसीवरचा तो व्हायरल मेसेज: एकेक मुद्दा घेऊन उत्तर

"शेतकरी बंधूंनो, लाळ्या खुरकूतची लस टोचून घेऊ नका. मागच्या वर्षी लस दिलेल्या गोठ्यातच रोग आला, म्हणजे लसीतूनच येतोय. लसीनं दूध आटतं, गाभण गाय गाभडते. दावणीच्या जनावराला बाहेरचा रोग लागतच नाही. आणि द्यायचीच तर एकदा दिली की झालं, दर सहा महिन्याला कशाला? सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आधी लसीत काय असतं ते बघू, कारण बाकीचा सगळा घोळ तिथनंच सुरू होतो. आपल्याकडं जी लाळ्या खुरकूतची लस मिळते ती मेलेल्या विषाणूची आहे. विषाणू लॅबमध्ये वाढवायचा, केमिकलनं मारायचा आणि बहुतेक करून तेलात घोळवून बाटलीत भरायचा. मेलेला विषाणू अंगात गेल्यावर वाढू शकत नाही, त्यामुळं त्यानं तोंडात फोड येणार नाहीत की खुरात जखम होणार नाही. भारतात या रोगाचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात आणि तिन्ही एकाच लसीत असतात. (सगळ्याच लशी मेलेल्या नसतात हं. ब्रुसेलाची लस जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूची असते, म्हणून ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी रेडकांना, आयुष्यात एकदाच, आणि टोचणाऱ्यानं हातमोजे घालूनच द्यायची. दोन्ही लशींना एकच नियम लावू नका.)

मग लस दिलेल्या गोठ्यात रोग आला कसा? आला असेल की, मी नाही म्हणतच नाही. पण तारखा मांडून बघा. बहुतेक वेळा होतं असं की शेजारच्या वस्तीवर जनावरं लाळ गाळायला लागली की मग आपली धावपळ सुरू, फोनावर फोन, आणि दुसऱ्या दिवशी लस. आता विषाणू शिरल्यापासून फोड दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात, आणि पहिल्यांदाच लस घेतलेल्या जनावराच्या अंगात पुरेशी ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे सोमवारी टोचलं आणि शुक्रवारी लाळ गळाली, तर ते जनावर सोमवारच्या आधीच धरलं गेलेलं असण्याची शक्यता जास्त. पेरलं की चौथ्या दिवशी कणीस मागण्यातला प्रकार आहे हा.

तरी या मुद्द्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती सांगायला पाहिजे. रोगाची साथ चालू असताना एकच सुई सगळ्या दावणीला वापरली, किंवा टोचणारा माणूस आजारी गोठ्यातनं तसाच शेणानं भरलेल्या बुटांनी तुमच्या गोठ्यात आला, तर रोग त्या सुईवरनं आणि बुटावरनं येऊ शकतो. लसीतनं नाही, पण लसीकरणाच्या निमित्तानं. म्हणून जनावरागणिक नवी सुई मागा, लाजू नका. आणि गोठ्याच्या तोंडाशी धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के पाणी ठेवा, म्हणजे १० लिटरला ४०० ग्रॅम, त्यात बूट बुडवूनच आत यायचं. लाळ्याच्या विषाणूला ना आंबट सोसत ना अल्कली, म्हणून हा साधा सोडा चालतो. दुसरं, लसीचा बॉक्स उघडून बघा. लस २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे. उन्हात तापली तर वाया आणि बर्फात गोठली तरी वाया. तेलाची लस गोठून फुटली की बाटली हलवूनसुद्धा एकजीव दुधासारखी होत नाही, थर सुटलेलेच दिसतात. अशी बाटली टोचून घेतली तर लस दिल्याची नोंद होते पण जनावर कोरंच राहतं, आणि मग लोक म्हणतात लस दिली तरी रोग आला.

दुधाचं खरं आहे, कमी होतं. तेल टोचलेल्या जागी सूज येते, अंगात थोडी कणकण येते, जनावर वैरण कमी खातं, त्यात चार माणसांनी धरून मान आवळलेली असते, तर दोन-तीन दिवस चरवी थोडी हलकी भरणारच. मानेवर गाठ राहिली तर ती बहुतेक तेलाची असते, आपोआप जिरते, तिला फोडायला जाऊ नका. १२ लिटरची गाय रोज लिटरभर कमी देते असं धरलं तर तीन दिवसात तीन लिटर गेले. आठवडाभरानंही दूध परत आलं नाही तर मग लसीवर न ढकलता कास बघा, ताप बघा, कारण तिथं दुसरंच काहीतरी चाललेलं असतं. आणि खुद्द रोग झाला तर काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. जिभेची साल निघते, गाय गव्हाणीपुढं उभी राहून नुसती मचमच करते, सडावर फोड येतात म्हणून पिळू देत नाही, मग दूध साचून काससुजी. बऱ्या झालेल्या गाईंपैकी काही उन्हाळ्यात धापा टाकत बसतात आणि पहिल्या दुधावर परत कधी येतच नाहीत. लहान वासराच्या तर थेट हृदयावर घाव बसतो, फोड दिसायच्या आधीच ते आडवं होतं.

गाभडण्याचा मुद्दा थोडक्यात. मेलेल्या विषाणूची लस गर्भापर्यंत जाऊन काही करत नाही, पण आठव्या-नवव्या महिन्यातली गाय दोरानं पाडून, ओढाताण करून टोचली तर त्या झटापटीनं धोका होऊ शकतो. तेव्हा अशी गाय जागेवरच शांतपणे धरा, किंवा गावात साथ नसेल तर डॉक्टरांना विचारून विण्यानंतर द्या. लाळ्याचा कडक ताप आला तर त्यानंच गाय गाभडू शकते हे कुणी मेसेजमध्ये लिहीत नाही. आणि गोठ्यात दोन-तीन गाई एकापाठोपाठ गाभडल्या असतील तर लसीची तारीख शोधत बसण्यापेक्षा ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या, वार उघड्या हातानं उचलू नका, तो आजार माणसालाही होतो.

आता दावणीच्या जनावराचं. सांगली-साताऱ्यात बसून हे लिहिणाऱ्याचं मला नवल वाटतं. गाय बाहेर जात नाही, मान्य, पण उसाचं वाडं कुठनं येतं? हंगाम सुरू झाला की आपण फडातनं वाडं आणून टाकतो, त्याच फडात ऊसतोड टोळीचे बैल उभे असतात, त्यातलंच वाडं खातात, त्यावरच लाळ पडते. ते बैल ज्या हौदावर पाणी पितात तिथंच आपलं कुणीतरी बादली भरतं. (टोळीवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या बैलांनासुद्धा आपल्या गावातनंच लागण होऊ शकते, आणि बैल बसला तर त्यांचा आख्खा सीझन बुडतो.) शिवाय पुसेगाव, खरसुंडीच्या यात्रेतला बाजार आहेच, तिथनं बैल बघून आलेला माणूस त्याच चपलांनी धार काढायला बसतो. विषाणूला गाईनं बाहेर जायची गरज नाही, तो कपड्यावर, वैरणीवर, दुधाच्या कॅनवर, सगळ्यावर बसून येतो.

राहिला एकदाच द्यायचा मुद्दा, आणि नवीन लोकांनी नीट समजून घ्यावा असा हाच आहे. मेलेल्या विषाणूची लस ताकद तयार करते खरी पण ती काही महिन्यांत उतरते, म्हणून दर ६ महिन्यांनी परत. सरकारनं २०१९ मध्ये देशभर जो लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलाचा कार्यक्रम सुरू केला त्यातही लाळ्याच्या लसीचं अंतर ६ महिन्यांचंच ठेवलंय. एकदा रोग होऊन गेलेल्या गाईलासुद्धा लस लागते, कारण तिला ज्या प्रकारचा झाला त्याच प्रकारापुरती ताकद येते, उरलेल्या दोनांना ती मोकळीच.

वासराचं गणित अजून वेगळं. लस घेतलेल्या गाईचा चीक प्यालेल्या वासरात आईकडनं आलेली ताकद असते, तीच लसीला निकामी करते, म्हणून पहिला डोस ४ महिने झाल्यावर. आणि पहिला डोस नुसता ओळख करून देतो, खरं काम महिन्याभरानंतरच्या बूस्टरनं होतं.

आता वाळवा तालुक्यातला एक गोठा धरा. दोन एचएफ गाई, एक म्हैस आणि ५ जूनला जन्मलेली कालवड. गावात लसीकरण १५ सप्टेंबरला आलं. मोठ्या तिघींना टोचलं, कालवड तीन महिने दहा दिवसांची, म्हणून ती सोडली. बरोबरच केलं. पण पुढं कुणी लक्षच दिलं नाही तर काय होतं बघा. पुढचं लसीकरण १५ मार्चच्या आसपास. म्हणजे साखर कारखाना चालू झाल्यापासून हंगाम संपत आला तरी कालवड कोरी. मार्चमध्ये तिला पहिला डोस मिळतो, बूस्टर परत कुणी देत नाही, आणि सप्टेंबरला ती सव्वा वर्षाची होते तरी तिचा पहिला कोर्सच पुरा झालेला नसतो. कागदावर मात्र गावात लसीकरण झालेलं असतं.

हेच नीट केलं तर ५ ऑक्टोबरला पहिला डोस, ५ नोव्हेंबरला बूस्टर, नोव्हेंबरच्या विशीत कालवड तयार. तोवर फडातलं वाडं तिच्यापुढं टाकायचं नाही, घरची वैरण घालायची. एक अडचण येते, लसीची बाटली अनेक डोसची असते आणि उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, त्यामुळं एका वासरासाठी डॉक्टर बाटली फोडायला तयार होत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वस्तीवरची तशीच सुटलेली वासरं मोजा, दहा-बारा गोळा झाली की एकदमच दवाखान्यात सांगा. जंताचं औषध लसीच्या दोन आठवडे आधी द्या. टोचायच्या दिवशी थर्मामीटर लावा, एरवी १०१-१०२ फॅरेनहाइट असतं, १०३ च्या पुढं गेलं असेल तर त्या जनावराला थांबवा आणि आठवड्यानं परत बघा.

घटसर्प आणि फऱ्याचं कॅलेंडर याच्यापासून वेगळं आहे, ते पावसाच्या आधी, मे महिन्यात, म्हणजे बेंदराला बैल सजवायच्या आत ताकद आलेली असते. फऱ्या जास्त करून ६ महिने ते २-३ वर्षांच्या चांगल्या पोसलेल्या जनावराला धरतो, तेव्हा कालवडी आणि खोंडं तिथं चुकवू नका.

आणि बाजारातनं नवीन गाय आणली तर विकणाऱ्याच्या "लस दिलीय" या शब्दावर जाऊ नका. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबर दवाखान्यात दाखवला की ऑनलाइन नोंद असेल तर तारीख दिसते. नोंद नसेल तर तिला कोरी समजून दोन डोस, महिन्याच्या अंतरानं. तोवर निदान २१ दिवस वेगळं दावं, वेगळी बादली, आणि धार सगळ्यात शेवटी तिची काढायची.