चार मर्यादाभंग आणि हिरवा रंग

«९९ टक्क्यांची एक दिवसाची व्हॅल्यू ॲट रिस्क घ्या आणि २५० दिवसांत तोटा कितीदा तिच्यापलीकडे गेला ते मोजा. चारपर्यंत असेल तर मॉडेल बरोबर. शून्य असेल तर उत्तमच. पाच झाले की मॉडेल बाद. इतकं सोपं आहे.»

बँकांच्या जोखीम मॉडेलबद्दल असं सांगितलं जातं. व्हॅल्यू ॲट रिस्क म्हणजे तोट्याची अशी मर्यादा, जी इथे शंभरातल्या एखाद्याच दिवशी ओलांडली जावी; ती ओलांडली की मर्यादाभंग. आधी चारचा आकडा घेऊ, कारण खरी गडबड तिथेच आहे. मॉडेल अचूक असेल तर २५० दिवसांत सरासरी अडीच मर्यादाभंग अपेक्षित असतात, तेव्हा चार हे सहज घडण्यासारखं आहे. पण जे मॉडेल चुकीचं आहे, त्याच्याही हातून चार सहज घडतात. समजा, तुमची मर्यादा प्रत्यक्षात एक नव्हे, दोन टक्के दिवसांत ओलांडली जाते, म्हणजे जोखीम सरळ कमी मोजली जाते आहे. तरी २५० दिवसांत चार किंवा त्याहून कमी भंग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के निघते. नाणं उडवून निकाल लावला तर फार फरक पडणार नाही.

यावर कोणी म्हणेल, नुसतं मोजू नका, रीतसर चाचणी करा. ती कुपिएकची चाचणी (१९९५):

```
LR = -2 ln [ (1-p)^(T-x) p^x / ( (1-x/T)^(T-x) (x/T)^x ) ]
```

इथे T म्हणजे दिवस, x म्हणजे मर्यादाभंग आणि p म्हणजे ०.०१. LR ३.८४ च्या वर गेला की पाच टक्के पातळीवर मॉडेल नाकारायचं. x = ४ ला LR ०.७७ येतो, सहाला ३.५६ आणि सातला ५.५०. म्हणजे एक ते सहा भंगांपर्यंत चाचणी गप्प बसते. मघाचं दोन टक्क्यांचं चुकीचं मॉडेल या जाळ्यातून चारपैकी तीनदा सुटतं. दोष सूत्राचा नाही. २५० दिवसांत इतक्या दुर्मीळ घटनेबद्दल माहितीच थोडी असते. १००० दिवस घेतले तर ५ ते १६ भंग चालतात आणि तेच मॉडेल जेमतेम पाचातून एकदा सुटतं. म्हणून वर्षभराच्या आकड्यावरून «बरोबर» म्हणू नये. «नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही» एवढंच म्हणता येतं, आणि ते फार वेगळं वाक्य आहे.

आता शून्य. x = ० ला LR ५.०३ येतो, म्हणजे ज्याला «उत्तम» म्हटलं जातं त्याला कुपिएकची चाचणी थेट नाकारते. व्हॅल्यू ॲट रिस्कचा आकडा दुप्पट करून कोणीही शून्य भंग आणू शकतो. त्याची किंमत भांडवल विनाकारण अडकण्यात मोजावी लागते. मात्र इथे मीही जपून बोलतो. अचूक मॉडेललासुद्धा वर्षभर एकही भंग न होण्याची शक्यता ८ टक्के आहे. ३.८४ ही सीमा मोठ्या नमुन्यासाठी काढलेली आहे. २५० दिवसांत ही चाचणी अचूक मॉडेलला पाच टक्के नव्हे, साडेनऊ टक्के वेळा नाकारते आणि त्यातला बहुतेक वाटा या शून्याचाच आहे. एका शून्यावर निकाल देऊ नका, पण त्याचा सत्कारही करू नका.

पाचाला बाद करणं तर बँकांसाठी नियम आखणाऱ्या खुद्द बासेल समितीच्या नियमातही नाही. १९९६ च्या आराखड्यात चारपर्यंत हिरवा आणि पाच ते नऊ हा पिवळा पट्टा आहे: पाचला भांडवलाचा गुणक ३ वरून ३.४० होतो आणि लाल पट्टा दहापासून सुरू होतो. अचूक मॉडेलमध्येही पाच किंवा जास्त भंग जवळपास ११ टक्के वेळा होतात. म्हणूनच पिवळ्यात कारण विचारलं जातं.

राहिली मोजणी. चार भंग वर्षभर विखुरलेले असोत की एकाच पंधरवड्यात लागोपाठ आलेले, कुपिएकला दोन्हीकडे ०.७७ च दिसतो. पण पंधरवड्यातले चार सांगतात की बाजार उसळल्यावर मॉडेल जागं होत नाही. ५०० दिवसांना सारखं वजन देणाऱ्या ऐतिहासिक सिम्युलेशनचा हा नेहमीचा आजार आहे. कालच्या भंगामुळे आजच्या भंगाची शक्यता वाढते का, हे ख्रिस्टोफरसनची चाचणी (१९९८) पाहते. तिला चार भंगांत फारसं बळ नसतं, त्यामुळे मी आधी तारखाच एका रेषेवर मांडून बघतो.

आणि तोटा नेमका कोणता मोजला? व्हॅल्यू ॲट रिस्क आदल्या संध्याकाळच्या पोझिशनवर काढलेली असते. ती १०० असताना त्या गोठवलेल्या पोझिशनवर ११२ तोटा झाला आणि दिवसभरात १५ कमिशन मिळालं, तर वहीत ९७ चा तोटा दिसतो आणि भंग गायब होतो. एका कामात मी कमिशन आणि दिवसभराचे नवे सौदे बाजूला काढून तोटा पुन्हा मोजला, तेव्हा तीनाचे सात झाले. आधीच्या तीनावर सगळे खूश होते.